समीकरण न सोडवता शून्यं कशी मोजतात

«दुसऱ्या कोटीचं अवकल समीकरण सुटलं नाही, तर उकलीची शून्यं कुठे आहेत हे सांगताच येत नाही. शून्यं एकाआड एक येणं ही sin आणि cos ची गंमत आहे. x आणि x² घेऊन बघा, लगेच मोडते. y'' + q(x)y = 0 मध्ये q धन असला की उकल अनंत वेळा शून्य होणारच, एवढं पाठ करा. तरी शंका असेल तर कॉम्प्युटरवर आलेख काढा, दिसेलच.»

सेट-नेटच्या तयारीच्या दिवसांत हा मजकूर इकडून तिकडे फिरतो. त्यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि प्रत्येक वाक्य वेगळ्या कारणाने पडतं. म्हणून एकेक घेतो.

पहिल्या वाक्यासाठी मुद्दाम असं समीकरण निवडू, ज्याला पुस्तकातली कुठलीही नेहमीची युक्ती लागू पडत नाही:

y'' + (4 + sin(x²)) y = 0

कंसातली राशी 3 च्या खाली उतरत नाही आणि 5 च्या वर चढत नाही. आपल्याला एवढंच पुरे आहे. याच्या एका बाजूला y'' + 3y = 0 ठेवा आणि दुसऱ्या बाजूला y'' + 5y = 0. ही दोन्ही समीकरणं तोंडपाठ आहेत: पहिल्याच्या लागोपाठच्या दोन शून्यांमधलं अंतर π/√3, म्हणजे सुमारे 1.814, आणि दुसऱ्याचं π/√5, म्हणजे सुमारे 1.405.

आता स्टर्मचा तुलना सिद्धांत. जिनिव्हात जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम केलेल्या शार्ल स्टर्मने तो 1836 मध्ये लिऊव्हिलच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात मांडला. y ही y'' + qy = 0 ची उकल, z ही z'' + Qz = 0 ची उकल, q आणि Q संतत, आणि सगळीकडे Q ≥ q. y ची लागोपाठची दोन शून्यं a आणि b असतील आणि त्यांच्या दरम्यान q आणि Q पूर्णपणे एकच नसतील, तर a आणि b च्या मध्ये z ला किमान एक शून्य असतंच.

सिद्धता चार ओळींची आहे आणि ती एकदा हाताने लिहून बघावीच. yz' − y'z ही राशी घ्या. तिचं अवकलन केलं की y'z' ची पदं कटतात आणि (q − Q)yz उरतं. समजा a आणि b च्या मध्ये z ला शून्य नाही. मग चिन्ह बदलून घेऊन y आणि z दोन्ही तिथे धन धरता येतात, आणि आपली राशी कुठेही वाढत नाही, काही ठिकाणी तर नक्की घटते. पण टोकं तपासा. a पाशी y वर चढतो, म्हणून तिथे राशीची किंमत −y'(a)z(a), जी ऋण किंवा शून्य आहे. b पाशी y खाली उतरतो, म्हणून तिथे ती धन किंवा शून्य आहे. घटणारी राशी ऋणातून धनात जाऊ शकत नाही. म्हणजे z ला मध्ये शून्य घ्यावंच लागतं. यात कुठेही कुणाचीही उकल काढलेली नाही.

हे आपल्या समीकरणाला लावू. y म्हणून sin(√3(x − a)) घ्या. यातला a आपल्या मर्जीचा. म्हणजे संख्यारेषेवर कुठेही 1.814 लांबीचा तुकडा उचला, आपल्या उकलीचं एक तरी शून्य त्यात सापडेल. उलट बाजूने, आपली उकल आता y च्या जागी ठेवा आणि तिच्या एका शून्यापासून, a पासून, sin(√5(x − a)) सुरू करा. हिचं पुढचं शून्य आपल्या उकलीच्या पुढच्या शून्याच्या आधीच यायला हवं, म्हणून आपलं अंतर 1.405 पेक्षा मोठंच. 0 ते 100 या टप्प्यात मग किमान 55 आणि जास्तीत जास्त 72 शून्यं. हे एका उकलीबद्दल नाही, या समीकरणाच्या प्रत्येक उकलीबद्दल आहे. सगळीकडे शून्य असलेली तेवढी सोडायची. 55 ते 72 ही पट्टी रुंद आहे हे मान्य. पण टप्प्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात sin(x²) ची खरी कमाल-किमान किंमत वापरली, की पट्टी आवळता येते.

इथे एक घसरण नेहमी होते. सिद्धांत «किमान एक» म्हणतो, «नेमकं एक» नाही. Q खूप मोठा असेल तर y च्या दोन शून्यांमध्ये z ची वीस शून्यंही असू शकतात. दिशाही एकच आहे: z च्या दोन शून्यांमध्ये y चं शून्य असेलच, असं तो म्हणत नाही.

आता x आणि x². दोन्ही x²y'' − 2xy' + 2y = 0 च्या उकली आहेत, दोन्ही 0 पाशी शून्य होतात, आणि एकमेकींच्या पटीत नाहीत. प्रतिउदाहरण म्हणून हे फार पटतं, म्हणून नीट बघायला हवं. एकाआड एक येण्याचा सिद्धांत ज्या अंतराळात लावायचा, तिथे y'' चा सहगुणक 1 करून घेतल्यावर बाकीचे सहगुणक संतत असावे लागतात. x² ने भागा: y'' − (2/x)y' + (2/x²)y = 0. 0 पाशी दोन्ही सहगुणक फुटतात. म्हणजे 0 ज्याच्या आत येतो अशा अंतराळाबद्दल सिद्धांताने कधी शब्दच दिलेला नव्हता. फक्त x > 0 घेतला, तर x ला शून्यच नाही आणि x² − 3x सारख्या उकलीला एकच आहे. मोडण्यासारखं तिथे काही उरत नाही.

जिथे सहगुणक संतत आहेत तिथे मात्र तो न चुकता लागू पडतो, आणि त्याला sin-cos ची काही गरज नाही. एकाच समीकरणाच्या, एकमेकींच्या पटीत नसलेल्या y₁ आणि y₂ या दोन उकली घ्या. त्यांचा रॉन्स्कियन y₁y₂' − y₁'y₂ कुठेही शून्य होत नाही, म्हणून चिन्हही बदलत नाही. y₁ च्या लागोपाठच्या शून्यांपाशी, a आणि b पाशी, त्यातलं फक्त −y₁'y₂ उरतं. y₁' ची चिन्हं या दोन ठिकाणी उलटी असतात, कारण एकीकडे आलेख अक्ष ओलांडून वर जातो आणि दुसरीकडे खाली येतो. गुणाकाराचं चिन्ह तेच राहायचं, तर y₂ लाही चिन्ह बदलणं भाग आहे. म्हणून मध्ये y₂ चं शून्य. ते दोन असू शकत नाहीत, कारण मग भूमिका बदलून त्या दोघांमध्ये y₁ चं शून्य निघालं असतं. y'' + xy = 0 चंच बघा. याच्या दोन प्रमाण उकलींची, म्हणजे उलट्या चिन्हाच्या एअरी फलनांची, धन बाजूवरची शून्यं एकीची 1.174, 3.271, 4.831 आणि दुसरीची 2.338, 4.088, 5.521. एकत्र लावली की रांग आपोआप एकाआड एक बसते. अंतरं सारखी नाहीत, आकसत जातात, पण क्रम मोडत नाही.

खरी मर्यादा वेगळीच आहे आणि ती सांगायला हवी. तिसऱ्या कोटीला हे चालत नाही: y''' + y' = 0 च्या sin x या उकलीला अनंत शून्यं आहेत, आणि 2 + cos x या उकलीला एकही नाही.

«q धन म्हणजे अनंत शून्यं» हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण परीक्षेत नेमके इथेच गुण जातात. q कुठल्या तरी धन संख्येच्या कायम वर राहत असेल, तर ते बरोबर आहे; वरच्या उदाहरणात 3 ने तेच केलं. पण q शून्याकडे घसरत असेल, तर किती वेगाने घसरतो यावर सगळं ठरतं. y'' + (c/x²)y = 0 घ्या, x > 0. यात xᵐ घालून बघितलं की m² − m + c = 0 मिळतं. c = 1/4 ला उकली √x आणि √x·ln x; कुठल्याही मिश्रणाला फार तर एक शून्य. q मात्र सगळीकडे धन आहे. c त्याहून जरा जरी मोठा झाला, तरी ω = √(c − 1/4) धरून √x·sin(ω ln x) ही उकल येते आणि तिला अनंत शून्यं असतात. तुलना सिद्धांताने हाच उंबरठा इतर समीकरणांनाही लागतो, आणि तो 1893 मध्ये आडोल्फ क्नेझरने मांडला: x²q(x) शेवटी 1/4 पेक्षा मोठ्या एखाद्या संख्येच्या वर राहिला तर अनंत शून्यं, शेवटी 1/4 च्या वर गेलाच नाही तर मोजकी.

आणि इथेच आलेखाचा सल्ला पडतो. c = 0.26 ठेवा. ω = 0.1. √x·sin(0.1 ln x) चं एक शून्य x = 1 पाशी आहे, आणि पुढचं e च्या 10π व्या घातापाशी, म्हणजे सुमारे 44 लाख कोटींवर. मधे हा आलेख x सुमारे 6 लाख कोटी होईपर्यंत चढतच राहतो. दहा लाखांपर्यंत आलेख काढा, दहा कोटींपर्यंत काढा, c = 0.25 चा आणि c = 0.26 चा आलेख डोळ्यांना एकाच जातीचा दिसेल. एकाला पुढे कधीच शून्य नाही, दुसऱ्याला अनंत आहेत. 0.26 हा 1/4 पेक्षा मोठा आहे, एवढं बघून हा फरक कळतो.

x²q ची सीमा नेमकी 1/4 असेल, तर क्नेझरची कसोटी पुरेलच असं नाही, पण तुलनेचा मार्ग तिथेही बंद होत नाही. q = 1/(4x²) + δ/(x² ln²x) घ्या, y = √x·u लिहा आणि t = ln x ठेवा. u साठी u'' + (δ/t²)u = 0 हे जुनंच समीकरण उरतं, म्हणून δ चा उंबरठा पुन्हा 1/4. δ = 1 ला शून्यं अनंत. त्यातल्या एका उकलीचं x = e पाशी शून्य धरलं तर पुढचं सुमारे 2.2 × 10¹⁶ वर येतं, आणि त्याच्या पुढचं 615 अंकी संख्येवर. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या दशांश संख्या 10³⁰⁸ च्या आसपास संपतात, त्यामुळे त्या तिसऱ्या शून्याचा x त्यात साठवताही येत नाही.