सबटायटल सरकवून भागत नाही तेव्हा

*"तुमच्या सांगण्यावरून अख्खी फाइल ८.१ सेकंद पुढे सरकवली. पहिला संवाद (फाइलमध्ये १:१२, ऐकू येतो १:२०.१) चपखल बसला. शेवटचा फाइलमध्ये १:३४:२० ला आहे आणि ऐकू येतो १:३८:२६.८ ला, म्हणजे अजून चार मिनिटं आधीच झळकतो! पाठवणारा 'सिंक करून दे' याखेरीज काही बोलत नाही. अर्धवट सल्ला कशाला देता?"*

आक्षेप रास्त आहे. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तरच सरकवून भागतं, हे मी तिथेच लिहायला हवं होतं.

तुमचा फरक वाढत जातोय, कारण ही सबटायटल्स जास्त वेगाने चालणाऱ्या प्रतीवर बसवलेली आहेत. पाठवणाऱ्याच्या मागे लागू नका. `.srt` मध्ये फक्त वेळा असतात, फ्रेमरेट नसतो, त्यामुळे बहुतेकदा त्यालाही ते ठाऊक नसतं. तुम्ही दिलेल्या चार वेळा पुरेशा आहेत. फाइलमध्ये दोन संवादांत ५५८८ सेकंदांचं अंतर आहे, व्हिडिओत ५८२६.७. भागाकार १.०४२७ येतो, आणि हा आकडा ओळखीचा आहे: २५ भागिले २३.९७६. म्हणजे सबटायटल्स सेकंदाला २५ फ्रेम्सच्या प्रतीची आहेत आणि तुमचा व्हिडिओ २३.९७६ चा.

आता मूळ, न सरकवलेली फाइल घ्या. आधी ताणा, मग सरकवा. उलट केलंत तर सरकवलेले सेकंदही ताणले जातात. पहिल्या संवादाचे ७२ सेकंद ताणले की ७५.०७५ होतात, म्हणून ८०.१ गाठायला ५.०२५ सेकंदच सरकवायचे, ८.१ नव्हे.

```
t_new = t_old * 25 / 23.976 + 5.025
```

Subtitle Edit मध्ये `Change frame rate` उघडून 25 वरून 23.976 करा, मग `Adjust all times` मधून उरलेले सेकंद वाढवा. दोन्ही आकडे उलटे भरले गेले तर शेवटचा फरक जवळपास दुप्पट होतो. चूक लगेच कळते.

एवढ्यावर फाइल परत पाठवू नका. मधला एखादा संवाद तपासा. ४७:०० चा संवाद आता ४९:०५.५ च्या आसपास यायला हवा. सुरुवात आणि शेवट जुळले पण मधलाच सेकंदभर हुकला, तर व्हिडिओत काहीतरी कापलेलं किंवा जोडलेलं आहे. तिथे कितीही ताणलंत तरी जुळणार नाही. फरक अचानक जिथे उडी मारतो ती ओळ शोधून तिच्यापुढचा भाग वेगळा सरकवावा लागतो.

मोजायला संवाद निवडताना मात्र जपा. फाइलची शेवटची ओळ पुष्कळदा भाषांतरकाराच्या नावाची असते, ती कुणी उच्चारतच नाही. गाण्याच्या ओळीही नकोत. "थांब!" असा तुटक, ठसठशीत शब्द घ्या, त्याची सुरुवात सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत पकडता येते. आणि भागाकार १.००१ च्या आसपास आला, तर गोष्ट २४ आणि २३.९७६ ची आहे. तिथे तासाला जेमतेम ३.६ सेकंदांचा फरक पडतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांवरून तो लक्षातच येत नाही.