पाच स्टारने पाणी लवकर तापत नाही

“गीझर घेताना फक्त 5 स्टार बघा, पाणी झटपट तापतं आणि बिल निम्मं येतं. आयएसआयचा शिक्का दिसला की माल अस्सल. वॅट-व्होल्ट कंपनीवाले उगाच लिहितात.”

दुकानात रोज कुणीतरी हा फॉरवर्ड दाखवतं, म्हणून एकदाच लिहितो.

स्टोरेज गीझरचे स्टार पाणी तापवण्याच्या वेगासाठी नसतातच. तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना 24 तासांत किती युनिट उष्णता बाहेर झिरपते, यावर ते मिळतात. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्याला त्यांचा फायदा आहे. वीस मिनिटं लावून, अंघोळी उरकून बंद करणाऱ्याच्या बिलात फारसा फरक पडत नाही.

वेग ठरतो वॅटवर. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 0.61 युनिट लागतं, मग स्टार एक असो की पाच. 2000 वॅटचा गीझर ते 18 मिनिटांत करतो, 3000 वॅटचा 12 मिनिटांत. वीज तेवढीच.

आणि व्होल्ट उगाच कसे? पाटीवरचे 2000 वॅट 230 व्होल्टला असतात. गावाकडे सकाळी दाब 200 वर आला की तोच गीझर जेमतेम 1500 वॅटचा होतो, आणि 18 मिनिटांचं काम 24 मिनिटांवर जातं. मग लोक गीझर खराब निघाला म्हणून भांडायला येतात. शिवाय 2000 ला 230 ने भागा: पावणेनऊ अँपिअर. म्हणजे 16 अँपिअरचं सॉकेट हवं, मोबाइल चार्जरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवलंत तर ते वितळू शकतं.

शिक्क्याचा घोळ सगळ्यात मोठा. मागे एक जण स्वस्तात मिळालेला गीझर घेऊन आला. “शिक्का आहे की,” म्हणाला. होता, पण वायरवर, IS 694 लिहिलेला! प्लगवरही एक होता, IS 1293 चा. ते दोन्ही आपापल्या जागी खरे असतील, पण गीझरच्या अंगावर काहीच नव्हतं. खऱ्या शिक्क्याच्या वर IS क्रमांक असतो आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो BIS Care अ‍ॅपमध्ये Verify Licence Details मध्ये टाका. कंपनीचं नाव, पत्ता, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही, हे सगळं दिसतं. क्रमांक खरा पण परवाना दुसऱ्याच वस्तूचा, असंही निघतं. म्हणून वस्तूचं नाव वाचल्याशिवाय अ‍ॅप बंद करू नका.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडे गीझरच्या अंगावरच्या पाटीचा फोटो मागा. खोक्याचा नको.