लग्न पुढं ढकललंय का मोडलंय?

"इंग्लिश टिप: पुट ऑफ आणि कॉल ऑफ एकच. ऑफ म्हणजे बंद, म्हणून दोन्हीचा अर्थ रद्द करणे. छोट्या गोष्टीला पुट ऑफ, मोठ्या गोष्टीला कॉल ऑफ वापरा. दोन्ही शब्द कायम चिकटूनच ठेवायचे, मध्ये काही घालायचं नाही. पाठ करा आणि पुढं पाठवा."

मी राजारामपुरीत संध्याकाळी इंग्लिशची बॅच घेतो आणि गेल्या महिन्याभरात ही टिप मला निदान पाच-सहा जणांनी दाखवली, एकानं तर वहीत लाल पेनानं उतरवून घेतलीय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतोय, कारण यातली एकही ओळ बरोबर नाही आणि पोरं हीच ओळ घेऊन इंटरव्ह्यूला जायला लागलीत.

आधी ते रद्दचं बघू. घोळ कुठनं सुरू होतोय ते मला कळतंय, आपण मराठीत बोलताना 'कॅन्सल' हा एकच शब्द दोन्हीकडं लावतो. "आजचं पन्हाळा कॅन्सल, पुढच्या रविवारी जाऊ" असंही म्हणतो आणि "त्यांचं लग्न कॅन्सल झालं" असंही म्हणतो, आणि पुढच्या माणसाला बोलण्याच्या रोखावरनं कळतंय की एक नंतर होणार आहे आणि दुसरं होणारच नाही. इंग्लिशमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं. कॉल ऑफ म्हणजे ठरलेली गोष्ट मोडणं.

द वेडिंग हॅज बीन पुट ऑफ. लग्न पुढं ढकललंय, म्हणजे हॉलवाल्याला फोन करून दुसरी तारीख मागायची.

द वेडिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ. लग्न मोडलंय, म्हणजे हॉलवाल्याकडं ॲडव्हान्स परत मागायला जायचं.

आता सांगा, मुलीच्या बापाला यातलं दुसरं वाक्य चुकून पाठवलं तर काय होईल? एका शब्दाचा फरक आहे पण घर हादरतंय.

कॉल ऑफला मराठीत एकच शब्द नाही हे पण लक्षात ठेवा, त्यामुळंच पाठ करून ते येत नाही. लग्न मोडतं, संप मागं घेतात, पुरात वाहून गेलेल्या माणसाचा शोध थांबवतात, कार्यक्रम रद्द होतो, या चारही ठिकाणी इंग्लिशमध्ये कॉल ऑफ चालतं. यातला संप आणि शोध बघा, ते आधीच सुरू झालेले आहेत. सुरू झालेली गोष्टसुद्धा कॉल ऑफ करता येते, पण पुट ऑफ साधारण सुरू व्हायच्या आधीच करतात. १९२२ साली चौरीचौरानंतर गांधीजींनी चालू असलेलं असहकार आंदोलन मागं घेतलं, इंग्लिशमध्ये लिहिताना तिथं 'गांधी कॉल्ड ऑफ द मूव्हमेंट' असं लिहितात. तिथं पुट ऑफ घातलं तर वाचणाऱ्याला वाटेल आंदोलन अजून सुरूच व्हायचं होतं आणि तारीख पुढं गेली.

पुट ऑफला मात्र आपल्याकडं अगदी नेमका शब्द आहे, चालढकल. दाढ दुखतीय पण डॉक्टरकडं जायचं आज-उद्या करत राहतोय, तर 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट' म्हणायचं. इथं पुट ऑफच्या मागं गोइंग आलंय, क्रियापदाला आयएनजी लावून. 'आय कीप कॉलिंग ऑफ गोइंग' असं कुणी म्हणत नाही, कारण कॉल ऑफला काहीतरी ठरलेला बेत लागतो, मॅच, मीटिंग, मोर्चा, साखरपुडा असं काहीतरी. स्वतःच्या मनातला आळस कॉल ऑफ करता येत नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वाक्याच्या शेवटाला नवी तारीख जोडून बघायची. 'पुट ऑफ टिल संडे' एकदम बरोबर बसतंय, 'पुट ऑफ फॉर अ वीक' पण बसतंय. 'कॉल्ड ऑफ टिल संडे' बसत नाही, कारण मोडलेल्या गोष्टीला पुढची तारीख कुठनं येणार.

यावर एका विद्यार्थ्यानं मला चांगला प्रश्न विचारलेला. तो म्हणाला, सर, शाहू स्टेडियमवरची मॅच पावसानं कॉल्ड ऑफ झाली असं आपण म्हणतो आणि तीच मॅच पुढच्या रविवारी खेळतात, मग ते पुट ऑफच झालं की. बरोबर पकडलं त्यानं. पण तिथं कॉल ऑफ झालीय ती आजची मॅच, आता ग्राउंडवर चिखल आहे आणि पंचांनी आज खेळायचं नाही असं सांगितलं, विषय संपला. रविवारी खेळायचं हा नंतर घेतलेला दुसरा निर्णय असतो आणि तो इंग्लिशमध्ये दुसऱ्या वाक्यात येतो: 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ. इट विल नाऊ बी प्लेड ऑन संडे.' एका दमात सांगायचं असेल तर 'द मॅच वॉज पुट ऑफ टिल संडे'. म्हणजे बातमी 'आज नाही' एवढीच असेल तर कॉल ऑफ चालतं आणि नवी तारीख हातात असेल तर पुट ऑफ.

ऑफ म्हणजे बंद हे लाईटच्या बटणावरनं डोक्यात बसलंय. आपल्याकडं 'पुट ऑफ द लाईट' पण सर्रास म्हणतात, त्यानं अजून गोंधळ वाढतोय. पण पहाटे 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला, बंद नाही झाला. उजळाईवाडीवरनं विमान 'टेक ऑफ' करतं तेव्हा उडतं. ऑफचा मूळ भाव 'लांब, बाजूला' असा आहे आणि तो धरला की दोन्ही शब्द आपोआप सुटतात. पुट ऑफ म्हणजे काम हातानं उचलून लांब ठेवणं, पुढच्या दिवसावर. कॉल ऑफ म्हणजे अंगावर धावून गेलेल्या कुत्र्याला हाक मारून मागं बोलवणं, 'कॉल ऑफ युवर डॉग्ज' असं अजून म्हणतात. हाक मारायचा अधिकार मालकाचा, म्हणून कॉल ऑफ साधारण ज्याच्या हातात निर्णय आहे तो करतो, कमिटी, युनियन, पोलीस, नाहीतर दोन्हीकडची घरची माणसं.

छोट्या-मोठ्याचं जे लिहिलंय त्याला आपल्या कोल्हापूरशी जोडलेलंच उदाहरण देतो. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक लंडनमध्ये २६ जून १९०२ ला ठरला होता आणि त्यासाठी राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. अगदी ऐन वेळी राजाचं ॲपेंडिक्सचं दुखणं निघालं, ऑपरेशन करावं लागलं, आणि सोहळा झाला तो ९ ऑगस्टला. याच मधल्या काळात, २६ जुलैला, महाराजांचा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला, त्यामुळं या तारखा मला तरी विसरता येत नाहीत. आता अख्ख्या साम्राज्याचा सोहळा, यापेक्षा मोठी गोष्ट कुठली? तरी तिथं 'द कोरोनेशन वॉज पुट ऑफ' असंच म्हणायला लागतं, कारण तो नंतर झाला. आणि उलट बघा, आपण चार मित्रांनी ठरवलेली रंकाळ्यावरची भेळ, ती होणारच नसेल तर 'लेट्स कॉल इट ऑफ'. आकाराचा काही संबंध नाही, होणार का नाही एवढंच बघायचं.

चिकटवून ठेवायचं ते तर उलटंच सांगितलंय. नाव असेल तर दोन्ही चालतं, 'पुट ऑफ द मीटिंग' किंवा 'पुट द मीटिंग ऑफ'. पण इट, देम असं सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे, 'पुट इट ऑफ', 'कॉल इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' हे चूक आहे आणि बोलताना लगेच कानाला खटकतंय. मध्ये माणूस आला तर मात्र पुट ऑफचा अर्थच बदलू शकतो, 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासानं माझं मन उडालं, इथं ढकलणं-बिकलणं काही नाही.

आता हे सगळं एकाच ठिकाणी कसं अंगावर आलं ते सांगतो. माझ्या बॅचला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला असलेला एक पोरगा येतो. पावसाळ्यात हायवेवर पाणी आलं, गाडी अडकली, ५०० कास्टिंग जाणार होती ती राहिली. गिऱ्हाईक जर्मनीचं. यानं टिप वाचलेली, काम मोठं म्हणून कॉल ऑफ, असा हिशोब करून मेल टाकला: 'वी हॅव कॉल्ड ऑफ फाइव्ह हंड्रेड पीसेस टिल फ्रायडे.'

आता खरेदीच्या धंद्यात कॉल ऑफचा अजून एक अर्थ आहे जो टिपवाल्याला माहीतच नसावा. वर्षाची मोठी ऑर्डर आधी ठरवून ठेवतात, समजा ६,००० नग, आणि त्यातनं गिऱ्हाईक जसे लागतील तसे नग मागवतं, त्या मागण्याला 'कॉल ऑफ' म्हणतात. म्हणजे गिऱ्हाईकानं '५०० कॉल ऑफ' केले तर ५०० पाठवा असा अर्थ, रद्द नाही, उलट माल सोडा! आणि हे मागवणं कायम घेणाऱ्यानं करायचं असतं. इथं विकणाऱ्यानंच कॉल ऑफ केलंय म्हटल्यावर तिकडच्या बाईंना मेलचा काही अर्थच लागेना, त्यांनी विचारलं, तुम्ही ऑर्डर रद्द करताय का?

पोरगा घाबरून क्लास सुटायच्या आत माझ्याकडं आला, फोनवर उत्तर टाइप केलेलं दाखवलं, त्यात 'प्लीज, वी आर नॉट कॉलिंग ऑफ इट' असं होतं. आम्ही दोघांनी बसून दोनच वाक्यं लिहिली: 'द हायवे इज अंडर वॉटर. वी आर नॉट कॉलिंग द डिस्पॅच ऑफ, वी आर ओन्ली पुटिंग इट ऑफ टिल फ्रायडे.' पोस्टपोन लिहिलं असतं तरी चाललं असतं, ऑफिसच्या मेलला ते जरा जास्तच शोभतं, पण त्या दिवशी त्याच दोन शब्दांनी झालेला घोळ त्याच दोन शब्दांनी सोडवायचा होता. दहा मिनिटांत उत्तर आलं, शुक्रवार चालेल, माल कोरडा ठेवा.