आजीच्या पाटल्या मोडताना आयकराला कसे चकवावे

वारशाने सोने आले, सोन्याचा भाव चढला आणि तुम्हाला आता पाटल्या मोडायच्या आहेत. अभिनंदन! आता हिशोबाच्या नादी लागून मूड घालवू नका. पुढे दिलेले मार्ग आपल्याकडच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेले आहेत. ते मनोभावे पाळले की कधीतरी आयकर खात्याचे पत्र येते आणि घरात बरेच दिवस विषय पुरतो.

उदाहरण घेऊ. आजीच्या चार पाटल्या, १९७४ च्या सुमारास आजोबांनी तिला करून दिलेल्या. आजी गेली तेव्हा त्या आईकडे आल्या. आई डिसेंबर २०२४ मध्ये गेली आणि त्या तुमच्याकडे आल्या. सोबत आईने २०१२ च्या दिवाळीत स्वतःच्या पैशाने घेतलेली तीस ग्रॅमची साखळी. मार्च २०२५ मध्ये तुम्ही दोन्ही घेऊन सराफाकडे गेलात. त्याने पाटल्या उलटसुलट करून पाहिल्या, कॅरेटमीटरखाली धरल्या आणि विचारले, “ताई, मोड द्यायची की बदलून न्यायचं?” तुम्ही मोड म्हणालात. ऐंशी ग्रॅमच्या पाटल्या, पण आतली लाख आणि सांध्यांतला मळ गेल्यावर अठ्ठ्याहत्तर उरल्या. बावीस कॅरेट, भाव ८,००० रुपये ग्रॅम धरू. पाटल्यांचे ६,२४,००० आणि साखळीचे २,४०,००० थेट खात्यात जमा झाले.

पहिला मार्ग सर्वांत लोकप्रिय: कर नाहीच असे समजावे. “वारशाच्या संपत्तीवर कर नसतो,” हे आपल्या काकांनी सांगितलेलेच असते, आणि काका चुकत नाहीत. अर्धे बरोबरही सांगतात. वारसा हातात पडतो तेव्हा खरोखरच काही भरावे लागत नाही. वाद फक्त विकताना होणाऱ्या नफ्याचा आहे, तो काकांनी कधी ऐकलेला नसतो. याच काकांकडे आणखी एक शस्त्र असते: “बाईला पाचशे ग्रॅम माफ आहे.” हा आकडा ११ मे १९९४ च्या सूचनेतला आहे. छापा पडला तर विवाहितेचे पाचशे ग्रॅम, अविवाहितेचे अडीचशे आणि पुरुषाचे शंभर ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असे तिच्यात अधिकाऱ्यांना सांगितले आहे. विकलेल्या पाटल्यांच्या नफ्याशी तिचा संबंध नाही. पण तुमच्या घरी छापा पडलाच, तर काकांचा आकडा कामी येईल.

दुसरा मार्ग जरा शिकलेल्यांचा. सोने ज्या दिवशी तुमचे झाले त्या दिवसाचा भाव खरेदी किंमत म्हणून धरावा. डिसेंबरमध्ये भाव समजा ७,१०० होता, म्हणजे पाटल्यांची किंमत ५,५३,८०० आणि नफा उणापुरा ७०,२०० रुपये. किती सुटसुटीत! पुढे याच पद्धतीने आणखी एक पाऊल टाका: सोने तुमच्याकडे फक्त तीन महिने होते, म्हणून नफा अल्पकालीन, म्हणून तो पगारात मिळवून तुमच्या दराने कर भरावा. म्हणजे खरेदीची किंमतही चुकली आणि काळही चुकला. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात असा विश्वास बाळगावा. खात्याचा संगणक तसा बाळगत नाही.

कायदा काय म्हणतो ते माहीत करून घ्यायची गरज नाही, पण गंमत म्हणून ऐका. आयकर कायदा १९६१ मधले कलम ४९(१) म्हणते की वारशाने, मृत्युपत्राने किंवा बक्षीस म्हणून वस्तू आली असेल, तर तुमची खरेदी किंमत म्हणजे आधीच्या मालकाची खरेदी किंमत. आणि आधीचा मालक म्हणजे कोण? तुमची आई नव्हे, कारण पाटल्या तिलाही फुकटच मिळाल्या. आजीही नव्हे, आजोबांनी तिला करून दिल्या. मागे मागे जात राहायचे, ज्याने पदरचे पैसे मोजून घेतले त्याच्यापर्यंत. इथे ते आजोबा, आणि पैसे देऊन घेतल्याचे वर्ष १९७४. काळही तिथूनच मोजायचा: कलम २(४२अ) खालच्या स्पष्टीकरणाने आधीच्या मालकांनी वस्तू बाळगलेला काळ तुमच्यात मिसळतो. आई जाऊन तीन महिने झाले असोत की तीन दिवस, पाटल्या दीर्घकालीनच.

मग १९७४ ची पावती शोधायला माळ्यावर चढा! हा तिसरा मार्ग, आणि याच्यासाठी सुट्टी काढावी. ट्रंका उघडा, लग्नाची पत्रिका सापडेल, रेशनकार्ड सापडेल, पावती सापडणार नाही. सापडली तरी तिचा किमतीसाठी काही उपयोग नाही, हे खाली उतरल्यावर कळू द्यावे. कारण १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या वस्तूला मूळ किमतीऐवजी त्या तारखेचे बाजारमूल्य धरायची मुभा आहे, आणि १९७४ च्या भावापेक्षा ते कितीतरी जास्त भरते. म्हणजे आजोबांनी नक्की किती मोजले यावर रडायचे कारणच उरत नाही. सोने २००१ पूर्वीचे आहे, एवढे दिसले म्हणजे झाले. आजीच्या हातात पाटल्या दिसणारा लग्नातला फोटो, मृत्युपत्रातला उल्लेख, एखाद्याच्या घरी जुन्या संपत्तीकराच्या विवरणपत्राला जोडलेली यादी, हे यासाठी बरे. पण फोटो फ्रेमसकट भंगारवाल्याला आधीच गेलेला असेल, तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.

चौथा मार्ग वेळेचा. आधी सोने वितळवावे, मग नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडे जावे. वजन, कॅरेट, घडण पाहून २००१ चे मूल्य लिहून द्यायचे असते, ते तो आता कशाकडे बघून लिहील? सराफाच्या चिठ्ठीवरून काही जमवेलही, पण दागिना समोर असताना केलेल्या अहवालाची सर त्याला नाही. मोडायच्या आधी वजनासह चार फोटो काढले असते, तर पुढचा वाद फार लहान झाला असता. तुम्हाला तो लहान कशाला हवा?

आता पाटल्यांचा आकडा काढूनच टाकू. १ एप्रिल २००१ च्या आसपास शुद्ध सोने दहा ग्रॅमला साधारण ४,२०० रुपये होते. अठ्ठ्याहत्तर ग्रॅम बावीस कॅरेट म्हणजे साडेएकाहत्तर ग्रॅम शुद्ध, त्याचे होतात ३०,०३०. नफा ६,२४,००० मधून हे वजा जाता ५,९३,९७०. कर साडेबारा टक्के, वर चार टक्के उपकर, मिळून सुमारे ७७,२०० रुपये. खरेदी किंमत शून्य धरली असती तर ८१,१२० झाले असते. फरक ३,९०० रुपयांच्या आसपास. तेव्हाचे सोने आजच्या मानाने इतके स्वस्त होते की २००१ चे मूल्य वजा केल्याने हाती फार लागत नाही, आणि मूल्यांकनकाराची फी त्यातच बसते का ते आधी विचारलेले बरे. (हे कुणी सांगत नाही. आपल्याला माळ्यावर चढवण्यात सगळ्यांना जास्त रस असतो.)

एक हळहळ राहते. पूर्वी महागाईनुसार किंमत वाढवून धरता येई, म्हणजे इंडेक्सेशन. ती कुठल्या वर्षापासून, वारसाला मिळाल्यापासून की आधीच्या मालकाच्या खरेदीपासून, यावर खटले लढले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आधीच्या मालकाच्या बाजूने कौल दिला. वारसांनी पेढे वाटले. २३ जुलै २०२४ पासून सोन्याला इंडेक्सेशनच राहिले नाही. वीस टक्क्यांऐवजी साडेबारा टक्के दर आणि दीर्घकालीन होण्यासाठी छत्तीसऐवजी चोवीस महिने. घरजमिनीला जुनी पद्धत निवडायची सवलत काही अटींवर ठेवली, दागिन्यांना नाही. तरी जुन्या लेखातला इंडेक्सेशनचा तक्ता बघून हिशोब करणारे भेटतात; त्यांना आवर्जून सल्ला विचारत जा.

आणि २०१२ च्या साखळीची पावती? ती फेकून द्या. दिवाळीच्या साफसफाईत “या जुन्या बिलांचं काय करायचंय” म्हणत सगळ्यात आधी तीच जाते. साखळी आईने पैसे देऊन घेतली, म्हणून इथे आधीची मालक आईच, आणि खरेदी २००१ नंतरची, म्हणून २००१ चे मूल्य चालत नाही. तिने मोजलेली रक्कमच चालते. ती घडणावळीसकट ९३,००० होती असे समजा. नफा १,४७,०००, कर उपकरासह १९,११०. पावती नाही म्हणून शून्य धरले तर ३१,२००. बारा हजारांचा फरक, आणि तोही पाटल्यांच्या निम्म्याहूनही कमी वजनावर. चिठोऱ्याची किंमत अशी. पावती हरवली तरी सगळेच संपत नाही: आधीच्या मालकाची किंमत ठरवता येत नसेल, तर तिने घेतले त्या दिवसाचे बाजारमूल्य धरायची तरतूद कलम ५५(३) मध्ये आहे. पण मग तो दिवस कोणता हे दाखवावे लागते, आणि घडणावळ बहुधा त्यात येत नाही. आईच्या बँकेच्या पासबुकात त्या दिवाळीची नोंद सापडते. पासबुकही रद्दीत गेले असेल अशी आशा आहे.

प्रत्येक दागिन्याचे घड्याळ वेगळे चालते, हेही विसरावे. आईने २०२३ च्या दिवाळीत एक नाणे घेतले असेल तर मार्च २०२५ मध्ये तिचे आणि तुमचे मिळून चोवीस महिने भरत नाहीत. ते अल्पकालीन, तुमच्या दराने करपात्र. एकाच डबीतल्या तीन वस्तूंचे तीन हिशोब. कोण मांडत बसणार? सगळ्यांची एकच तारीख धरावी, शक्यतो आईच्या वर्षश्राद्धाची. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलतात, तत्त्व तेच राहते. त्यामुळे जुन्या चुका नव्या आकड्यांखाली निश्चिंतपणे करता येतील.

शेवटचा मार्ग जाणकारांचा. रोख नकोच, पाटल्या देऊन नवीन हार घ्यायचा. सराफ जुन्याची किंमत नव्याच्या बिलातून वळती करतो, तुमच्या हातात एक रुपया येत नाही, मग नफा कसला? कायद्याच्या दृष्टीने अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे. बिलात “जुने सोने वजा ६,२४,०००” असे ठळक छापून येते, आणि पुढचा हिशोब वर मांडलेलाच: ५,९३,९७० नफा आणि सुमारे ७७,२०० रुपये कर. फरक एवढाच की तो भरायला हातात पैसा नसतो, तो सगळा गळ्यात असतो. अशा वेळी घरातला आणखी एखादा दागिना मोडून कर भरायची पद्धत आहे. तो मोडण्याआधी त्याची पावती कुणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा.