स्रोताचे पाणी भिंतीबाहेर का जात नाही

वाचकाची प्रतिक्रिया: "एकसमान प्रवाह आणि स्रोत यांची बेरीज करून तुम्ही मधल्या एका रेषेलाच घन पदार्थ म्हणता. पण स्रोतातून पाणी सतत बाहेर पडत असताना ते त्या रेषेतून पलीकडे झिरपणार नाही का? मला ही हातचलाखी वाटते."

आपली शंका रास्त आहे. स्रोत म्हणजे सर्व दिशांना सारखे पाणी सोडणारा कल्पित बिंदू; तो एकसमान प्रवाहात ठेवला, की स्रोताचे पाणी आणि बाहेरचे पाणी यांना वेगळे करणारी एक रेषा मिळते, आणि तिलाच मी मूळ लेखात घन पदार्थाची कड मानले. ती जागा मी तिथे घाईने ओलांडली, हे मान्य करतो. म्हणून एका बिंदूवर हिशेब करून पाहू. कन्हान नदीवरच्या पुलाचा एक मीटर रुंदीचा खांब आणि त्यावर येणारा सेकंदाला 2 मीटर वेगाचा प्रवाह, असे कल्पू. इतकी रुंदी मिळण्यासाठी स्रोताने प्रत्येक मीटर खोलीमागे सेकंदाला 2 घनमीटर पाणी सोडायला हवे. स्रोताचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, त्यामुळे त्याच्या सुमारे 16 सेंटिमीटर अलीकडे दोन्ही वेग एकमेकांना रद्द करतात आणि पाणी थांबते. तेच खांबाचे टोक.

आता स्रोतापासून प्रवाहाला काटकोनात 25 सेंटिमीटरवरचा बिंदू घ्या; खांबाची कड बरोबर तिथून जाते. तिथे स्रोत पाण्याला बाजूला 1.27 मीटर प्रतिसेकंद वेगाने ढकलतो, हे आपले म्हणणे अगदी खरे. पण प्रवाह त्याच पाण्याला 2 मीटरने पुढे नेतो, म्हणून एकत्रित वेगाचा उतार 1.27 भागिले 2, म्हणजे 0.64 येतो. कडेचे समीकरण y = b(π − θ) असे आहे; त्यात b म्हणजे टोकाचे स्रोतापासूनचे अंतर, y म्हणजे स्रोतातून जाणाऱ्या मधल्या रेषेपासून कडेचे अंतर आणि θ म्हणजे स्रोतापाशी प्रवाहाच्या दिशेपासून मोजलेला कोन. त्यावरून त्याच बिंदूवरचा कडेचा उतार काढला, तर तोही 2/π, म्हणजे 0.64 भरतो. पाणी कडेला धरूनच धावते. तिला छेदणारा वेगाचा घटक शून्य आहे. (कागदावर आणखी एखादा बिंदू घेऊन आपण स्वतः ताडून पाहावे, अशी विनंती आहे.)

मग स्रोताचे पाणी जाते कुठे? ते कडेच्या आत राहून प्रवाहाच्या दिशेने वाहते. दूरवर आतली रुंदी एक मीटर आणि वेग 2 मीटर होतो. गुणाकार 2 घनमीटर, म्हणजे सोडले तेवढेच. झिरपायला काही उरतच नाही. मात्र याच कारणाने ही आकृती मागे कधी मिटत नाही. ती मिटवायची तर प्रवाहाच्या दिशेने पुढे तितक्याच ताकदीचा शोष, म्हणजे पाणी ओढून घेणारा बिंदू, ठेवावा लागतो.

खरी मर्यादा वेगळीच आहे. कडेवर छेदणारा वेग शून्य असला, तरी कडेलगतचा वेग वरच्या 25 सेंटिमीटरच्या बिंदूवर 2.37 मीटर निघतो. खऱ्या खांबाला मात्र पाणी चिकटते आणि तिथला वेग शून्य असतो. खांबालगतच्या या मंदावलेल्या पाण्याचा पातळ थर टोकाजवळ फारसा बिघाड करत नाही, म्हणून टोकाकडच्या भागावरचा दाब या गणिताने चांगला मिळतो. स्रोताच्या थोडे पुढे, प्रवाहाच्या दिशेने, कडेवरचा वेग सुमारे 2.5 मीटरचा कळस गाठतो आणि त्यानंतर दाब पुन्हा वाढू लागतो. खऱ्या खांबाच्या मागे पाणी कडेपासून सुटून जे भोवरे उठतात, त्यांच्याबद्दल ही बेरीज काहीच सांगत नाही.