मेल आला नाही? मग पुन्हा एकदा स्पॅम पाहा!

गेमच्या खात्याचा पासवर्ड बदलण्यासाठी मागवलेली लिंक येत नसेल, तर सर्वप्रथम पडद्यावरील मजकुरावर पूर्ण श्रद्धा ठेवावी. ‘हा पत्ता आमच्याकडे नोंदवलेला असल्यास त्यावर लिंक पाठवली जाईल,’ असे तेथे लिहिलेले असते. कोणत्या पत्त्यावर खाते आहे हे परक्या माणसाला कळू नये, म्हणून पत्ता बरोबर असो वा चूक, उत्तर हेच मिळते. तेव्हा त्यातील ‘असल्यास’ हा शब्द वाचूच नये आणि निश्चिंतपणे वाट पाहत बसावे.

वाट पाहताना बटण पुन्हा पुन्हा दाबावे. नवी लिंक निघाली की आधीची बहुतेक ठिकाणी रद्द होते, त्यामुळे उशिरा आलेला मेल निरुपयोगीच असेल याची खात्री बाळगता येते.

मग स्पॅम पाहावे. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याचे खाते अडकले, तेव्हा कंपनीच्या मदतकक्षापासून ते ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत प्रत्येकाने, जणू गुप्त विद्या देत आहोत अशा थाटात, हाच प्रश्न विचारला. जीमेलच्या शोधपट्टीत `in:anywhere` लिहून पुढे कंपनीचे नाव टाकले, की स्पॅम आणि कचरापेटीसह सगळीकडचे मेल एकदम शोधले जातात. पण हे कोणाला सांगू नये. रोज फोल्डर उघडण्यातले पुण्य कमी होते. स्पॅममध्ये फक्त सर्व्हरने स्वीकारलेला मेलच पडतो आणि बाहेरच नाकारलेला मेल कोणत्याही फोल्डरमध्ये सापडत नाही, हेही सांगू नये.

पत्ता तपासताना `gmail.con` आणि `gmial.com` यांकडे प्रेमाने पाहावे. जीमेलला नावातील टिंबाने काही फरक पडत नाही, टिंब असो वा नसो, मेल त्याच पेटीत येतो. गेमच्या नोंदवहीत मात्र ते दोन वेगळे पत्ते ठरू शकतात. खाते उघडताना आलेला जुना स्वागताचा मेल काढून त्यावर पत्ता नेमका कसा छापला आहे हे पाहिले, तर उलगडा लगेच होतो, म्हणून तो मेल वेळीच पुसून टाकलेला बरा.

आता शेवटचा आणि सर्वोत्तम सल्ला: मदतकक्षावर विसंबावे. भाच्याचा पत्ता टिंबासकट बरोबर होता. मात्र मध्यंतरी मोबाइलमधील फोटो आणि व्हिडिओंनी त्याची 15 जीबीची मोफत जागा भरली होती आणि त्या काळात आलेले मेल पेटी भरल्यामुळे परत जात होते. त्याने जागा मोकळी केली, इतरांचे मेल येऊ लागले, पण या गेमचा एकही मेल येईना. इतकेच नव्हे, तर पूर्वी रोज येणाऱ्या त्यांच्या जाहिरातीही बंद झाल्या होत्या. ‘मावशी, बरंच झालं, कटकट गेली,’ असे तो म्हणत होता आणि खरी खूण तीच होती. एखाद्या पत्त्यावरून मेल वारंवार परत येऊ लागले, की कंपन्यांसाठी मेल पाठवणाऱ्या अनेक सेवा तो पत्ता बंदी यादीत टाकतात आणि त्यानंतर त्या पत्त्यावर मेल पाठवतच नाहीत. जो मेल निघालाच नाही, तो आमच्या स्पॅममध्ये कुठून येणार? तरीही मदतकक्षाचे उत्तर तेच, की स्पॅम पाहा, चोवीस तास थांबा. यापुढे तक्रार नोंदवायची तर फॉर्म हवा, आणि फॉर्म उघडायला लॉगिन करा! ज्याला आत जाता येत नाही, त्याची तक्रार घेण्याची खिडकी आतल्या बाजूला बसवणाऱ्या माणसाला पगार कशाचा मिळतो?

अखेर भाच्याच्या मित्राने स्वतःच्या खात्यातून तक्रार केली आणि ‘त्या पत्त्यावर पाठवलेल्या मेलच्या नोंदी तपासा, तो बंदी यादीत आहे का ते सांगा,’ असे स्पष्ट शब्दांत विचारले. कोणीतरी खरोखरच ती नोंद उघडली, पत्ता यादीतून काढला आणि पुढची लिंक मिनिटभरात, चक्क इनबॉक्समध्ये आली.

म्हणजे सगळी माहिती तुमच्याकडेच होती. मेल निघाला, परत आला की अडवला गेला, हे तुमच्या कर्मचाऱ्याला दिसत होते, आणि तरीही तुम्ही एका पोराला दिवसेंदिवस रिकामे फोल्डर उघडायला लावलेत. ‘असल्यास’ लिहा, ते सुरक्षेसाठी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणूस मदत मागायला आल्यावर छापील उत्तर चिकटवण्याआधी ती नोंद उघडून पाहा. पत्त्याची मालकी पडताळून घ्यायची असेल तर अवश्य घ्या, मात्र तक्रारीचा फॉर्म लॉगिनच्या बाहेर ठेवा. गेममधील वस्तूंचे पैसे घेताना तुमची यंत्रणा क्षणभरही थांबत नाही; मग हे एवढे साधे काम करायला तुम्हाला लाज का वाटते?