सहा ठिपके आणि एक पट्टी

फिजिक्सचं प्रॅक्टिकल शिकवणारा माणूस रिटायर होतो, हे शेजाऱ्यांना मान्य नसतं. जर्नल सबमिशनचे दिवस आले की गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगीत माझीच बेल सगळ्यात जास्त वाजते. यंदा वरच्या मजल्यावरचा अकरावीतला पोरगा स्प्रिंगचा स्थिरांक घेऊन आला, म्हणजे स्प्रिंगला वजनं टांगून ती मीटरभर ताणायला किती बल लागेल ते काढायचं. मागोमाग त्याचे वडीलही आले. द्राक्षांचे व्यापारी, आयुष्य वजनकाट्यासमोर गेलेलं. त्यामुळे स्प्रिंग या विषयावर त्यांची मतं पक्की होती.

रीडिंग अशी: 50 ग्रॅमला 2.1 सेंमी वाढ, पुढे दर 50 ग्रॅमला 3.8, 6.0, 7.6, 10.0 आणि 300 ग्रॅमला 11.7. मला तर बघून बरंच वाटलं. खरी रीडिंग अशीच येतात. लटकलेली स्प्रिंग पंख्याच्या वाऱ्यावर डुलत असते, दर्शकाचं टोक पट्टीपासून बोटभर लांब असतं आणि डोळा जरा वर-खाली झाला की मिलिमीटर-दोन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात.

पण पोराचा चेहरा पडला होता. "काका, मित्राची रीडिंग 2.0, 4.0, 6.0 अशी एकदम सरळ आलीत. माझी पण जरा ॲडजस्ट करू?"

मित्राची रीडिंग आलेली नाहीत, शिजवलेली आहेत. सहाच्या सहा ठिपके रेघेवर पाठ केल्यासारखे बसले की तपासणारा आधी चष्मा पुसतो आणि मग पोराकडे बघतो.

आलेख मात्र घरून काढून आणला होता. उभ्या अक्षावर बल, आडव्या अक्षावर वाढ, इथवर ठीक. म्हणजे रेघेचा चढ हाच स्थिरांक. पण रेघ कुठाय? ठिपक्याला ठिपका जोडत गेलेला तो कसारा घाट होता.

"एकही ठिपका सोडला नाही, सर," वडील अभिमानाने म्हणाले. "मीच सांगितलं त्याला. मोजलेला माल सोडायचा कशाला?"

मी पेन्सिल घेतली. 50 ग्रॅम म्हणजे 0.49 न्यूटन. तिसऱ्या ठिपक्यापासून चौथ्यापर्यंत वाढ 1.6 सेंमी, म्हणून चढ मीटरला 31 न्यूटन. चौथ्यापासून पाचव्यापर्यंत वाढ 2.4, म्हणून 20. स्प्रिंग तीच, खिळा तोच आणि एवढ्यात ती दीडपट मऊ झाली?

"मग नुसतं पहिलं रीडिंग घ्या की," वडील म्हणाले. तेही करून दाखवलं. 0.49 भागिले 0.021, उत्तर 23.3. इथे वाढच जेमतेम दोन सेंमी, त्यात दोन मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर दहा टक्के हललं. तेवढीच चूक 11.7 सेंमीमध्ये दोन टक्क्यांच्या आत राहते.

मग खरं काम. सगळ्या वाढींची सरासरी 6.87 सेंमी, बलांची 1.72 न्यूटन. तिथे एक ठिपका दिला, त्यावर पेन्सिलचं टोक टेकवलं आणि पारदर्शक पट्टी त्या टोकाभोवती हळूहळू फिरवायला लावली. पट्टी पारदर्शकच हवी, नाहीतर खालचे ठिपके झाकले जातात आणि पोरं वरच्यांचीच बाजू घेतात. तीन ठिपके वर, तीन खाली अशी रेघ बसली. पाच बाहेर, शेवटचा कसाबसा चिकटलेला.

"अहो, एकावरूनही धड जात नाही!" वडिलांना धक्का बसला.

ठिपके एकाआड एक वर-खाली पडले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. शेवटचे दोन-तीन एकाच बाजूला वाकत गेले असते, तर स्प्रिंग जास्त ताणली गेल्याचा संशय आला असता. रेघ मुद्दाम शून्यातून ओढायलाही मी दिली नाही. ती आपणहून शून्याच्या अगदी जवळून गेली.

चढ काढायला पोरगा पुन्हा आपल्याच रीडिंगकडे वळला. मी त्याचा हात धरला. आता रीडिंगचं काम संपलं, बिंदू रेघेवरचेच घ्यायचे आणि तेही लांब-लांबचे. 2.0 सेंमीला 0.49, 11.0 सेंमीला 2.75. फरक 2.26 न्यूटन, 9 सेंमीत. म्हणजे मीटरला 25.1 न्यूटन.

वडिलांचा विश्वास बसेना. पोराला वर पिटाळून स्प्रिंग आणि पट्टी आणवली, माझ्याच डब्याशेजारचं 200 ग्रॅमचं चिवड्याचं पाकीट अडकवलं, पंखा बंद केला. वाढ 8.1 सेंमी. गुणाकार 2.03 न्यूटन, म्हणजे 207 ग्रॅम.

"पिशवीचं वजन धरा," मी म्हटलं, "आणि पाच ग्रॅम इकडेतिकडे."

"पिशवी एवढी नसते," ते म्हणाले आणि चिवडा ताटलीत ओतून रिकामी पिशवी स्प्रिंगला लावायला निघाले. ती काही पट्टीवर धड मोजता आली नाही. तोवर पोराने अर्धा चिवडा संपवला होता.